अस्सल कागद कुणाच्या हाती?

"मॅडम, मृत्युपत्र केलं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आता तो अस्सल कागद ठेवायचा कुठे आणि सांगायचं कुणाकुणाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागाहून. कागद अशा जागी ठेवा जिथे तो नाहीसा करून ज्याचा फायदा होईल त्याचा हात पोचणार नाही. आणि तो कुठे आहे हे अशा माणसाला नक्की सांगा, जो तो सापडला नाही तर गप्प बसणार नाही. आत काय लिहिलंय ते कुणालाही सांगायची गरज नाही. ही दोन्ही कामं घरातलं गोदरेजचं कपाट करू शकत नाही, आणि दहातले आठ लोक कागद ठेवतात तिथेच.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. सातारा जिल्ह्यातल्या एक आजी. दोन मुलगे पुण्याला, मुलगी जवळ राहून सगळं बघणारी. आजींनी साध्या कागदावर टाइप करून घेतलेलं चार पानी मृत्युपत्र होतं. राहतं घर मुलीला, जमीन तिघांत. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर आणि घरचे डॉक्टर. नोंदणी केली नव्हती, आणि कायद्याने ती सक्तीची नाहीच. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या आतल्या खणात, बँकेच्या पासबुकांखाली. आजी गेल्या. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत पेन्शनचे कागद शोधायचे म्हणून कपाट उघडलं गेलं, किल्ली दिवसभर या हातातून त्या हातात फिरली. महिनाभराने मुलगी पिशवी काढायला गेली तर पासबुकं होती, पिशवी नव्हती.

आता इथे कायदा काय म्हणतो ते लोकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा थांबते. मृत्युपत्र शेवटचं करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर सापडत नाही, असं असलं तर न्यायालयापुढे पहिला प्रश्न येतो की त्यानेच ते फाडून टाकलं नसेल कशावरून? कारण स्वतःचं मृत्युपत्र हेतूपूर्वक फाडलं किंवा जाळलं की ते रद्द होतं, वेगळं काही लिहून द्यावं लागत नाही. हे गृहीतक खोडून काढता येतं. आपल्याकडची एकत्र राहणारी घरं आणि सगळ्यांना उघडी असणारी कपाटं पाहता न्यायालयं ते फार ताणतही नाहीत. पण खोडून काढण्याचं ओझं मृत्युपत्र मांडणाऱ्यावर येतं. म्हणजे कागद ज्याने पळवला तो निवांत, आणि जिचा गेला ती पुरावे गोळा करत फिरणार.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं कलम २३७ अशा वेळी कामी येतं. मृत्यूनंतर मृत्युपत्र हरवलं, किंवा करणाऱ्याच्या कृतीने नव्हे तर दुसऱ्याच्या लबाडीने वा अपघाताने नष्ट झालं, आणि त्याची प्रत किंवा मसुदा शिल्लक असला, तर त्या प्रतीवर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची न्यायालयाची मोहोर, मिळू शकतं. आमच्या या ताईंकडे मोबाइलवर चारही पानांचे फोटो होते, आईनेच काढायला लावलेले. तरी नुसत्या फोटोंनी भागलं नसतं. आई जिवंत असेपर्यंत कागद होता हे दाखवायला हवं होतं. ते डॉक्टरांमुळे जमलं. आजींनी शेवटच्या आजारपणात त्यांना कागद काढून दाखवला होता, "तुमची सही आहे बरं का यावर" म्हणून. मास्तर तोवर वारले होते. म्हणजे सगळा डोलारा एका डॉक्टरांवर उभा. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं. ताईंना घर मिळालं, पण जमिनीतला वाटा सोडून. माझ्या मते हा सौदा महाग पडला, आणि तो टाळता येण्यासारखा होता.

टाळायचं कसं? पहिला मार्ग नोंदणीचा. दुय्यम निबंधकाकडे मृत्युपत्र केव्हाही नोंदवता येतं, मुदत नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. बहुतेकांना वाटतं की नोंदणी म्हणजे कागद सरकारजमा. तसं नाही. अस्सल कागद शिक्के मारून तुम्हालाच परत मिळतो आणि पुन्हा त्याच कपाटात जातो! मात्र त्याची नक्कल कार्यालयाच्या नोंदवही क्रमांक ३ मध्ये कायमची राहते. तुम्ही हयात असेपर्यंत ती नक्कल फक्त तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्याराला मिळते. मुलाने खिडकीवर कितीही हुज्जत घातली तरी त्याला देत नाहीत. मृत्यूनंतर मात्र मृत्यूचा दाखला जोडून कुणीही मागू शकतं. त्यामुळे अस्सल पळवण्यात अर्थच उरत नाही. आजींच्या प्रकरणात एवढी एक गोष्ट झाली असती तर निम्मा दावा उभाच राहिला नसता.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आणि तो वापरणारे फार थोडे. नोंदणी कायदा, १९०८ मध्ये कलम ४२ ते ४६ मृत्युपत्र सीलबंद जमा करण्याविषयी आहेत. हे काम तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे होत नाही, जिल्हा निबंधकाकडे होतं. पाटीवर 'सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक मुद्रांकाचं ऑफिस समजून पुढे जातात. मृत्युपत्र लखोट्यात घालायचं, लखोटा सील करायचा. वर आपलं नाव, मुखत्यार असेल तर त्याचं नाव आणि आत मृत्युपत्र आहे एवढा उल्लेख. आतला मजकूर कुणी वाचत नाही. निबंधक तुमची ओळख पटवून घेतात आणि लखोट्यावरचा मजकूर नोंदवही क्रमांक ५ मध्ये उतरवतात. जमा केल्याची तारीख, वेळ, ओळख देणाऱ्यांची नावं आणि सीलवर काही वाचता येत असेल तर तेही. मग लखोटा अग्निरोधक पेटीत जातो. तो परत फक्त तुम्हाला किंवा रीतसर अधिकार दिलेल्या मुखत्याराला मिळतो. आधी नोंदणी करून मग तेच अस्सल असं जमा केलं तर उत्तमच. क्वचित एखाद्या कार्यालयात "असं काही नसतं" म्हणतील. तेव्हा कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

मात्र या पेटीची एक मर्यादा आहे. तुम्ही गेल्याचं निबंधकाला आपोआप कळत नाही. मृत्यूनंतर कुणीतरी अर्ज करावा लागतो. मग निबंधक मृत्यूची खात्री करून अर्जदारासमोर लखोटा उघडतात आणि त्याच्या खर्चाने मजकूर नोंदवही ३ मध्ये उतरवून घेतात. अस्सल पुन्हा पेटीतच राहतं, न्यायालयाने मागवलं तर तिथे जातं. पण अर्जच कुणी केला नाही तर? लखोटा तिथेच पडून राहील आणि घरी सातबाऱ्यावर वारसनोंद होऊन जमीन वाटलीही जाईल. म्हणून 'कुणाला सांगायचं' हा प्रश्न 'कुठे ठेवायचं' इतकाच मोठा आहे.

माझं म्हणणं असं की तिघांना सांगा. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमला असेल तर तो, म्हणजे ज्याला कोर्टात लोक एक्झिक्युटर म्हणतात. ज्याला कायदेशीर वाट्यापेक्षा जास्त मिळणार आहे तो, कारण कागद सापडला नाही तर तोच बोंब मारेल. आणि ज्याला काहीच मिळणार नाही असा एक बाहेरचा माणूस, शक्यतो साक्षीदारांपैकीच. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा, मास्तरांचं काय झालं ते पाहिलंत. कागदावर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर असू द्या, वीस वर्षांनी "ते जोशी कुठले?" अशी शोधाशोध नको. तिघांना सांगायचं ते एवढंच: अमुक तारखेचं मृत्युपत्र आहे, पानं इतकी, नोंदणी क्रमांक हा, किंवा लखोटा अमुक कार्यालयात अमुक तारखेला जमा. हेच एका चिठ्ठीवर लिहून पासबुकं आणि विमा पॉलिसींच्या फाइलमध्ये ठेवा. माणूस गेल्यावर घरचे पहिल्यांदा तीच फाइल काढतात. चिठ्ठी पळवली तरी बिघडत नाही, तिघांकडे तीच माहिती आहे.

बँकेच्या लॉकरबद्दल हमखास विचारतात. लॉकर एकट्याच्या नावावर आणि नॉमिनी नाही, तर मृत्यूनंतर तो उघडायला बँक वारसाहक्काचे कागद मागते आणि ते कागद लॉकरमध्ये! नॉमिनी असेल तर त्याला लॉकर मिळतो, पण नॉमिनी कोण ते बघा. बँक साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करते, मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बंद पाकिटं उघडून बघायची तिच्यावर सक्ती नाही. यादीत 'बंद पाकीट, एक नग' एवढंच येईल आणि पाकीट नॉमिनीच्या हाती जाईल. लॉकरमध्येच ठेवायचं असेल तर पाकिटावर ठळक 'मृत्युपत्र' लिहा, तारखेसकट, म्हणजे यादीत तसं नमूद करून घेता येईल. वकिलाकडे ठेवता येतं, माझ्याकडेही काही आहेत, पण मी लेखी पोच दिल्याशिवाय घेत नाही आणि सल्लाही देत नाही. वकीलही म्हातारे होतात, ऑफिसं बदलतात.

अस्सल एकच असू द्या. दोन-तीन कागदांवर सह्या करून 'सगळी अस्सल' असं करू नका. त्यातलं तुमच्याकडचं एक सापडलं नाही की तेही तुम्हीच फाडलं का, हा वाद सुरू होतो. झेरॉक्सवर 'प्रत' असं लिहा. कागद लॅमिनेट करू नका, सहीवर शंका निघाली तर हस्ताक्षरतज्ज्ञाला शाई आणि दाब तपासता येत नाही. स्टेपल काढून पुन्हा मारू नका, जुनी भोकं दिसली की पान बदललं असं म्हणायला जागा मिळते.

आणि कुणी दडवलंय असा संशय आला तर? आधी निबंधकांच्या कार्यालयांत शोध घ्या, कदाचित तुम्हाला न सांगता नोंदवलेलं असेल. कुणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असेल तर ते हजर करायला लावण्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. अप्रामाणिकपणे मृत्युपत्र नष्ट करणं किंवा दडवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४३ मध्ये त्याला आजन्म कारावास किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे. ही शिक्षा नोटिशीत लिहिली की हरवलेली पाकिटं कधीकधी माळ्यावर सापडतात, हे मी पाहिलंय.

मृत्युपत्र बदललंत तर मात्र जुना लखोटा काढून घ्यायला विसरू नका. कायद्याने शेवटचं मृत्युपत्र चालतं, मग ते नोंदवलेलं असो वा नसो. पण जुनं निबंधकाच्या पेटीत सुरक्षित आणि नवं घरात कपाटात, अशी वेळ आली तर नवं हरवल्यावर जुनंच पुढे येईल. नवं केलंत की तेही जमा करा आणि तिघांना नवी तारीख कळवा.