आमची वाटचाल : अश्वगंधेचा ‘पाच टक्के’ आणि आमची प्रयोगशाळा

कारखाना उभा कसा राहिला हे सांगायला फारसे काही नाही. नीमचच्या मंडीतून अश्वगंधेची मुळी आणायची, निवडायची, भरडायची, मद्यार्क आणि पाण्यात अर्क काढायचा, तो आटवून पावडर करायची आणि ड्रममध्ये भरायची. वर्षानुवर्षे हेच चालू आहे. सांगण्यासारखे एकच, ते म्हणजे ‘पाच टक्के विथॅनोलाइड्स’ या शिक्क्याने आम्हाला जवळजवळ बंद पाडले होते. विथॅनोलाइड्स म्हणजे अश्वगंधेतली ती संयुगे, ज्यांच्या टक्क्यावर अर्काची प्रत ठरते.

आमच्या अर्काच्या तपासणी प्रमाणपत्रावर, म्हणजे सीओएवर, आम्ही दीड टक्का लिहायचो. शेजारच्या राज्यातला एक स्पर्धक त्याच मुळीचा अर्क पाच टक्के म्हणून आमच्यापेक्षा कमी भावात देऊ लागला. खरेदी खात्यातली मंडळी दोन आकडे शेजारी ठेवतात आणि मोठा निवडतात. आमच्या जुन्या पार्ट्या एकामागून एक गेल्या. तुमचा माल ‘पातळ’ आहे, असे तोंडावर सांगून गेल्या.

आता हिशेब बघा. चांगल्या वाळलेल्या मुळीत विथॅनोलाइड्स साधारण 0.3 टक्के धरा. म्हणजे 100 किलो मुळीत 300 ग्रॅम. काढणीत 80 टक्के हाती लागले तर 240 ग्रॅम. त्यातून पाच टक्क्यांचा अर्क फार तर 4.8 किलो बनेल. म्हणजे एक किलो अर्कामागे जवळजवळ 21 किलो मुळी. मुळीचा त्या दिवसाचा भाव एकवीसने गुणा. त्यात मद्यार्क, वाफ आणि मजुरी अजून धरलेलीच नाही. त्या आकड्याच्या खाली कोणी पाच टक्के देत असेल तर त्याची मुळी वेगळी आहे, नाहीतर त्याचा टक्का वेगळा आहे. हा हिशेब पाकिटाच्या मागच्या बाजूला होतो, त्याला यंत्र लागत नाही. खरेदी करणाऱ्यांनी तो करावा, एवढे न विचारता सांगतो.

आम्ही त्या स्पर्धकाचा ड्रम बाजारातून विकत घेऊन तपासला. सीओएच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पद्धत लिहिली होती : ग्रॅव्हिमेट्री. म्हणजे अर्क पाण्यात विरघळवायचा, हेक्झेनने तेलकट भाग काढायचा, मग क्लोरोफॉर्मने ओढायचे, क्लोरोफॉर्म उडवून तळाशी उरलेले तोलायचे आणि त्याला ‘विथॅनोलाइड्स’ म्हणायचे. क्लोरोफॉर्ममध्ये स्टेरॉल्स येतात, अल्कलॉइड्स येतात, रंगद्रव्ये येतात आणि हेक्झेनमधून सुटलेली चरबीही येते. तराजू त्यांच्यात भेद करत नाही.

तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे संयुगे वेगळी करून प्रत्येकाचे शिखर आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर : 500 मिलिग्रॅम अर्क मिथेनॉलमध्ये विरघळवून 50 मिली केला, 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला, 25 सेंटिमीटरच्या सी-18 कॉलममधून नेला आणि 227 नॅनोमीटरवर वाचला. द्रावणात अर्क 10 मिलिग्रॅम प्रति मिली. पाच टक्के खरे असते तर सगळ्या विथॅनोलाइड शिखरांची बेरीज 0.5 मिलिग्रॅम प्रति मिली यायला हवी होती. आली 0.11. म्हणजे 1.1 टक्के, आमच्याहून कमी. ग्रॅव्हिमेट्रीने मात्र त्याच पावडरीचे आम्हालाही 5.3 मिळाले. सीओए खोटा नव्हता. फक्त त्याचा टक्का दुसऱ्याच गोष्टीचा होता.

एचपीएलसी म्हटले की सगळे निवांत होतात, तेही बरोबर नाही. 227 वर जे दिसते ते रेणूतल्या ठरावीक बंधांमुळे. विथाफेरिन-ए आणि विथॅनोलाइड-ए या विथॅनोलाइड्समध्ये असे दोन भाग आहेत. विथॅनोसाइड-4 मध्ये एकच, आणि वर साखरेचे वजन. म्हणून एक मिलिग्रॅम विथाफेरिन-एचे शिखर एक मिलिग्रॅम विथॅनोसाइडपेक्षा बरेच मोठे. सगळी शिखरे एकट्या विथॅनोसाइड-4 च्या मानकाने, म्हणजे तुलनेच्या शुद्ध नमुन्याने, मोजली तर बेरीज फुगते, एकट्या विथाफेरिन-एने मोजली तर विथॅनोसाइड्स कमी भरतात. यंत्र, नमुना, आलेख तेच असले तरी टक्का बदलतो. सीओए मागताना ‘एचपीएलसीने’ एवढ्यावर थांबू नका. कोणती संयुगे मोजली, प्रत्येकाला कोणते मानक लावले आणि टक्का कोरड्या वजनावर की जसा आहे तसा, हे विचारा. आठ टक्के ओलावा असलेला माल आणि कोरडा माल यांचे आकडे तसेच शेजारी ठेवता येत नाहीत.

यानंतर दुसरा खेळ आला आणि तो जास्त हुशारीचा होता. आता एचपीएलसीने खरेच पाच टक्के येणारा माल दिसू लागला, भाव अजूनही एकवीसच्या हिशेबाखाली. आलेखात विथाफेरिन-एचे शिखर डोंगराएवढे आणि बाकी सगळे पायथ्याशी. पानांत विथाफेरिन-ए मुळीपेक्षा खूप जास्त असते आणि पाला कवडीमोल मिळतो. टक्का खरा, पण अर्क मुळीचा नाही. लेबलवर मुळी लिहिलेली असते आणि ग्राहकही मुळीच मागतो. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने वापरू नका असे कळवले, त्याआधी ही ओरड करणारे आमच्यासारखे थोडेच होते आणि त्यांना कोणी विचारत नव्हते.

इथे आमची पहिली भागीदार उपयोगी पडली. ती पुण्यात औषधी वनस्पती शिकवायची. एचपीटीएलसीची पद्धत तिने बसवली, म्हणजे अर्काचा ठिपका प्लेटवर चालवून त्यातली संयुगे वेगवेगळ्या पट्ट्यांत बघायची. ती म्हणायची, एकाच संयुगाचा टक्का बघू नका, सगळी रांग बघा. पानांत केम्फेरॉलची साखर जोडलेली फ्लेव्होनॉइड्स भरपूर असतात, मुळीत जवळजवळ नसतात. इथिल अॅसिटेट, फॉर्मिक अॅसिड, अॅसेटिक अॅसिड, पाणी हे 100 : 11 : 11 : 26 या प्रमाणात घ्यायचे, त्यात प्लेट चालवायची, वाळवायची, नॅचरल प्रॉडक्ट अभिकारक मारायचा आणि 366 नॅनोमीटरच्या प्रकाशात बघायचे. पानांच्या मार्गावर हिरवट पट्टे उठतात, मुळीच्या मार्गावर ती जागा काळी राहते.

पण नुसते ‘पट्टा दिसला’ म्हणून माल परत पाठवू नका. मुळीच्या डोक्याशी खोडाचे तुकडे राहतात आणि त्यांचाही पुसट पट्टा येतो. म्हणून आम्ही शुद्ध मुळीत पानांची पूड 2, 5 आणि 10 टक्के मिसळून तिन्हींचे अर्क काढून ठेवले आहेत. प्रत्येक प्लेटवर नमुन्याच्या शेजारी हे तीन मार्ग चालतात. दोनच्या खाली असेल तर निवड ढिली झाली, दहाच्या वर असेल तर मुद्दाम घातले. मधल्यासाठी शेतकऱ्याशी बोलायचे.

हे वाचून कोणी पाण्याने धुवून फ्लेव्होनॉइड्स काढून टाकेल, याची आम्हाला कल्पना आहे. तसे नमुनेही आलेत : प्लेट स्वच्छ, विथाफेरिन-ए भरपूर. पण पाण्याबरोबर विथॅनोसाइड्सही जातात, कारण त्यांनाही साखर आहे. त्यामुळे पट्ट्यांची प्लेट निर्दोष दिसली तरी एचपीएलसीच्या आलेखात विथॅनोसाइड-4 आणि 5 च्या जागी खड्डा दिसतो. दोन्ही तपासण्या एकत्रच ठेवाव्या लागतात. शिवाय विथाफेरिन-ए आणि विथॅनोलाइड-ए यांचे गुणोत्तर जातीप्रमाणे आणि काढणीप्रमाणे बदलते, तेव्हा फक्त त्यावरून कोणावर आरोप करू नये. आम्ही मंडीतून येणाऱ्या प्रत्येक खेपेतल्या थोड्या मुळ्या राखून ठेवतो आणि तुलना त्यांच्याशीच करतो.

त्या काळात नाशिकचे एक वैद्य, कॅप्सूल बनवणारे, आम्हाला सोडून गेले नाहीत. कोणी त्यांना पाच टक्क्यांचे पत्रक दिले की ते एकच विचारत, “आलेख कुठे आहे?” आजही आमच्या प्रत्येक ड्रमबरोबर दीड टक्क्याच्या शेजारी एचपीएलसीचा पूर्ण आलेख आणि प्लेटचा फोटो जातो. पद्धत, मानके आणि ओलावा आम्ही टक्क्याच्याच आकाराच्या अक्षरात छापतो.