रात्रीचं ताट बंद करण्याआधी

"सर, नुकताच व्यायाम सुरू केला. रात्रीचं जेवण बंद केलं तं चरबी लवकर उतरते का?"

उतरू शकते, पण रात्री वाचवलेलं खाणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेनं पोटात जाणार नसेल तरच. दिवे लागल्यावर खाल्लेलं सगळं चरबीच होतं, असं काही नसतं. २०२२ साली चीनमध्ये १३९ स्थूल माणसांवर वर्षभर एक अभ्यास झाला. सगळ्यांना कमी उष्मांकांचा आहार दिला, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायला सांगितलं, म्हणजे रात्रीचं जेवण बंदच. वर्षाअखेरी दोन्ही गटांचं वजन उतरलं आणि त्यांच्यात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. घड्याळापेक्षा दिवसभराची बेरीज मोठी ठरली.

आपल्याकडे ही बेरीज कशी फसते, ते एका ताईंच्या उदाहरणावरून सांगतो. त्या दारव्ह्याकडच्या, घरी शिवणकाम करतात. रात्रीचं जेवण बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला, मग जागचा हलेना. "रात्री पाण्याशिवाय काही घेत नाही नं सर, मंग काऊन?" असं त्या कळवळून विचारत होत्या. पहिला उतार मुख्यतः पाण्याचा असतो. शरीरात साठवलेली साखर खर्च होते आणि तिच्याबरोबर बांधलेलं पाणीही निघून जातं. त्याला चरबी समजू नका.

मग आम्ही त्यांचा दिवस कागदावर मांडला. रात्री त्या ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीचं वरण आणि भाजी खायच्या, म्हणजे साधारण ७०० उष्मांक. ते वाचले. पण रात्री उपाशी राहायचंय या धास्तीनं संध्याकाळी पाचला दोन मुठी चिवडा आणि साखरेचे दोन कप चहा जास्तीचे व्हायला लागले, ते ४०० च्या आसपास. सकाळी भूक इतकी खवळलेली, की पोह्यांची आणखी एक प्लेट, तेलासकट २५० ची. वाचवलेलं जवळजवळ सगळं परत पोटात गेलं होतं, आणि त्यांना ते जाणवलंही नव्हतं.

माझ्या मते खरं नुकसान मात्र वेगळंच झालं. आपल्या खेड्यातल्या बऱ्याच घरांत दिवसाची शिदोरी म्हणजे भाकर, ठेचा, कांदा आणि फार तर कोरडी भाजी. वरण, झुणका, अंडी असं जे काही शिजतं ते सांजच्याला. ते ताट काढून टाकलं की दिवसभराचा पिठूळपणा तसाच राहतो आणि प्रथिनं तेवढी जातात. व्यायाम नवा असताना स्नायूंना नेमकी तीच हवी असतात. ती कमी पडली की उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. मग काटा खाली दिसतो, पण पायऱ्या चढताना मांड्यांत जीव नसतो आणि आधी जमत होत्या तेवढ्या बैठकाही जमत नाहीत. तसं दिसलं तर समजा, गणित चुकलंय.

ताईंना मी रात्रीचं जेवण परत सुरू करायला सांगितलं, पण ताट बदलून. दोनऐवजी एक भाकर, वरण वाटीऐवजी दीड वाटी आणि घट्ट, एखाद्या दिवशी भिजवलेल्या सोयावड्यांची भाजी. फोडणीचं तेल अंदाजानं न ओतता चमच्यानं. जेवण सातच्या आत, म्हणजे पाचच्या चहाबरोबर चिवड्याची गरज पडत नाही. एका भाकरीचे साधारण २४० आणि वाचलेल्या चमचाभर तेलाचे ४५. त्यातून जास्तीच्या वरणाचे ५० वजा केले, तरी रोज सव्वादोनशेच्या वर कमी होतात. वाढलेला चिवडा, चहा आणि पोहे अर्थातच बंद. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० उष्मांक, तेव्हा हा बदल महिन्याला किलोच्या आसपास नेतो. वेग कमी आहे, पण तो टिकतो.

रोज वजन करत बसू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी शिवणाची टेप बेंबीच्या रेषेत धरून मापा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पोट आत ओढू नका. तीन-चार मापं एका दिशेनं उतरत असतील तर चरबी जातेय.

तुम्हाला रात्री खरंच भूक लागत नसेल, आणि दिवसात डाळ, अंडी, दही नीट पोटात जात असेल, तर जेवण सोडायला माझी हरकत नाही. पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय एकही रात्र उपाशी झोपू नका. साखर झोपेतच खाली जाते, घाम फुटतो, माणूस बरळतो, आणि घरच्यांना ते उशिरा कळतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही या वाटेला जाऊ नये.