तुम्ही विचारलंत म्हणून: 'रेट जमत नाही' मी आता का म्हणत नाही

"मॅडम, एका व्हेंडरला नाही म्हणायला तुम्हाला एवढी लांबलचक मेल का लागते? 'रेट जमत नाही, पुढच्या वेळी नक्की बघू' एवढं पुरत नाही का?"

पुरतं की. परचेसमध्ये आल्यापासून कितीतरी वर्षं मला तेवढंच पुरलं. त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोटं असायचं आणि दुसरं कायमच. पण समोरचा "ठीक आहे मॅडम" म्हणायचा आणि माझी फाइल बंद व्हायची. आमच्या धंद्यात 'रेट' हे सगळ्यात सभ्य कारण आहे. त्यात कुणाचा अपमान नाही, वाद नाही, पुरावा मागायची सोय नाही. तुम्ही सगळे अजून तेच करता आणि तुमचंही छान चाललंय, त्यामुळे मी उगाच सोवळं पाळते असं तुम्हाला वाटतं. वाटू दे. पण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, तर आता एकदाच लिहिते.

आमचे पॅनेल पावसात उभे राहतात, म्हणून पावडर कोटिंगला पाचशे तासांची सॉल्ट स्प्रे टेस्ट लागते. मागे एकदा चाकणच्या आमच्या प्लांटला दुसरा कोटर हवा होता. भोसरीतल्या एकांनी कोटेशन दिलं. छोटं शेड, सात-आठ माणसं, मालक स्वतः गनवर उभे राहणारे. त्यांना मी दादा म्हणायचे. इथेही दादाच म्हणते. रेट दिला चौरस फुटाला सोळा रुपये. आमचा चालू कोटर सतरा घेत होता. हा आकडा लक्षात ठेवा.

सॅम्पल आले तेव्हा देखणे होते. शेड बरोबर, जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आमच्या साठ ते ऐंशीच्या मधोमध. क्रॉस-हॅच केलं, म्हणजे ब्लेडने बारीक चौकटी कापून टेप चिकटवून ओढली, तर एक चौकट निघाली नाही. त्या दिवशी कुणीही पास केलं असतं. मग पॅनेलवर धातूपर्यंत फुलीची चीर मारून चेंबरमध्ये टाकले. आत पस्तीस अंश तापमान, पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, आणि पाचशे तास म्हणजे जवळजवळ एकवीस दिवस. दहाव्या दिवशी उघडून पाहिलं तर चिरेच्या दोन्ही बाजूंना तांदळाएवढे फोड. नखाने दाबलं तर पापुद्रा उचलला गेला, आणि खाली पिवळट-तांबडा गंज. आम्हाला चिरेपासून दोन मिलिमीटर चालतं. इथे सहा-सात गेलं होतं.

हा पावडरचा दोष नव्हता आणि ओव्हनचाही नव्हता. पत्रा कोटिंगआधी नीट तयार झाला नव्हता. चांगल्या शेडमध्ये सात-आठ टाक्या असतात: तेल काढायची, गंज काढायची, फॉस्फेटिंगची, पॅसिव्हेशनची आणि मधे मधे पाण्याच्या. दादांकडे तीन होत्या. फॉस्फेटचा थर विरळ बसला किंवा धुण्यात कसर राहिली, तरी कोरड्यात फिल्म घट्टच बसलेली दिसते. म्हणून क्रॉस-हॅच पास होतं. ओलावा शिरला की मग ती आतून सुटायला लागते. दादांना स्वतःला हे दिसायची सोयच नव्हती, कारण त्यांच्याकडे चेंबर नव्हता आणि आजवर त्यांच्या गिऱ्हाइकांनी मागितलाही नव्हता.

हे सगळं मला माहीत होतं. रिपोर्ट माझ्या टेबलावर होता, फोटोंसकट. मी फोन केला आणि म्हणाले, "दादा, काम छान आहे तुमचं. जरा रेट जमत नाहीये. पुढे बघू."

का म्हणाले? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, माणूस हाताने काम करतो, त्याला 'तुमचं कोटिंग सोलून निघालं' कसं सांगायचं. खरं कारण एवढं उदात्त नव्हतं. क्वालिटीचं नाव काढलं की वाद येतो. 'पॅनेल तुम्ही नीट ठेवला नसेल', 'पुन्हा टेस्ट घ्या', म्हणजे आणखी एकवीस दिवस आणि रोज एक फोन. रेट म्हटलं की दोन मिनिटांत सुटका. आणि माझ्या वरचे साहेबही म्हणाले होते, "रेट सांगून टाका, विषय संपवा."

विषय संपला नाही. चार दिवसांनी साडेचौदाचं कोटेशन आलं. मी म्हणाले, "अजून जरा जास्त वाटतंय." ह्या वाक्याचा मला आजही राग येतो. सोळालाच ते आमच्या कोटरपेक्षा स्वस्त होते! तरी मी तेच म्हणाले, कारण एकदा रेट सांगितल्यावर साडेचौदाला नाही म्हणायला दुसरं कारण हातात नव्हतं. खोट्या कारणाची हीच गंमत आहे. समोरच्याने ते दूर केलं की तुम्ही उघडे पडता, मग अजून एक थाप.

त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही. मला वाटलं, समजले असतील.

खंडेनवमीला सकाळी त्यांचा मेसेज आला, नवीन ओव्हनची पूजा आहे, यायचंच. मी चिंचवडला राहते, भोसरी काही लांब नाही, गेले. शेडमध्ये झेंडूच्या माळा, ओव्हनच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं, वहिनींनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला. ओव्हन जुन्याच्या अडीच पट मोठा. दादांनी दार उघडून दाखवलं आणि म्हणाले, "अकरा लाखांचं लोन काढलं मॅडम. आता एका बॅचला अडीच पट माल निघतो, गॅस तेवढाच. तेरा रुपये बसवलेत तुमच्यासाठी. आता रेटचं काही राहत नाही ना?"

ओव्हनच्या मागच्या भिंतीला त्याच तीन टाक्या होत्या.

तिथे मी काय बोलले, हे तुम्हाला ऐकायचं असेल तर काहीच बोलले नाही. पेढा खाल्ला. "मेल करते" म्हणाले आणि निघाले. सोमवारी मेलही केली नाही, रिपोर्ट घेऊन समोर जाऊन बसले. त्यांनी पॅनेलचे फोटो शांतपणे पाहिले, एकेक. भांडले नाहीत. मी ज्या वादाला घाबरत होते तो झालाच नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, हे ऑगस्टमध्ये सांगितलं असतंत तर ओव्हन नसता घेतला. टाक्या घेतल्या असत्या. त्या एवढ्या महागही नाहीत."

आता तुम्ही म्हणाल, ऑर्डर हातात नसताना कुणी लोन काढतं का, ही त्यांची चूक. मीही बरेच दिवस हेच म्हणत होते. पीओ नव्हता, लेखी शब्द नव्हता, धंद्यात जोखीम असतेच. ह्यातलं काही खोटं नाही. पण माणूस पैसे तिथेच घालतो जिथे आपण बोट दाखवतो. मी बोट चुकीच्या जागी दाखवलं होतं, तेही दोनदा.

तेव्हापासून माझी ती 'लांबलचक' मेल. खरं तर आठ-दहा ओळी असतात, तुम्हाला लांब वाटते कारण त्यात सगळं असतं. आधी फोन करते, म्हणजे मेल डोक्यावर पडत नाही, आणि निर्णय झाला त्याच दिवशी करते. मेल मराठीत, ही अशी:

"नमस्कार. आपल्या कोटेशनवर निर्णय झाला आहे. ह्या वेळी आम्ही आपल्याला काम देऊ शकत नाही. कारण रेट नाही. सॉल्ट स्प्रेमध्ये पॅनेल २४० तासांना फेल झाला, आमची अट ५०० तासांची आहे. रिपोर्ट आणि फोटो जोडले आहेत. आमच्या क्वालिटीच्या मते अडचण कोटिंगआधीच्या ट्रीटमेंटमध्ये आहे. हे काम मार्चपर्यंत दुसरीकडे दिलेलं आहे, त्यामुळे मधल्या काळात रेट कमी केलात तरी निर्णय बदलणार नाही. प्रोसेसमध्ये बदल केलात तर एप्रिलनंतर पुन्हा सॅम्पल घेऊ. ऑर्डरचा शब्द आज देत नाही. सॅम्पल आणि ड्रॉइंग ह्या आठवड्यात परत पाठवते आहे."

नकार दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आहे, कारण आभारांच्या तीन ओळींनंतर आला की माणूस त्या आभारांतच आशा शोधतो. कारण एकच आहे, जे खरंच आडवं आलं ते. पाच कारणं दिली की तो सगळ्यात सोपं निवडतो, आणि सगळ्यात सोपं नेहमी रेटच असतं. दुसऱ्याचा रेट मी कधी सांगत नाही, आणि निर्णयानंतर 'एक रुपया कमी करतो' म्हणणाऱ्याला घेत नाही, नाहीतर ज्याने पहिल्याच दिवशी सरळ रेट दिला तो मूर्ख ठरतो. रेट हेच खरं कारण असेल तर तसंही लिहिते, पण मग ते खरंच असतं.

आणि 'पुढे नक्की बघू' लिहीत नाही. पुढचं काही असेल तर महिना लिहिते. नसेल तर गप्प बसते. तुम्हाला ते कोरडं वाटतं.

पण ह्यानेही सगळं सुटलं असं नाही, हे कबूल करते. दोन वर्षांपूर्वी तळवड्याच्या एकाला अशीच मेल गेली. त्याने खरंच टाक्या वाढवल्या, एप्रिलमध्ये सॅम्पल आणलं, पाचशे तास पास झालं. तोवर आमचं ते मॉडेलच बंद पडलं होतं. मी ऑर्डरचा शब्द दिला नव्हता, मेलमध्ये स्पष्ट होतं, त्यानेही ते मान्य केलं. तरी जाताना म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही एप्रिल लिहिलं होतंत." तारीख लिहिली की ती कॅलेंडरवर जाते, आणि 'शब्द देत नाही' हे वाक्य कॅलेंडरवर जात नाही. म्हणजे खोटं बोलले तेव्हा ओव्हन आला, खरं बोलले तेव्हा टाक्या आल्या. फरक एवढाच की टाक्या त्याला दुसरीकडे कामाला आल्या. अशा वेळी वाटतं, साहेबांचं 'विषय संपवा' बरं होतं का? माहीत नाही. तेव्हापासून एप्रिलच्या पुढे 'हे मॉडेल तोवर चालू असलं तर' एवढं जास्त लिहिते, मेल अजून एका ओळीने वाढली.

दादांनी नंतर टाक्या घेतल्या की नाही, मी कधी विचारलं नाही, कुठल्या तोंडाने विचारणार. खंडेनवमीचं बोलावणंही पुन्हा आलं नाही. गेल्या महिन्यात एक नवीन पॅनेल निघाला, मी यादीत त्यांचं नाव घातलं आणि एन्क्वायरी पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं, "मॅडम, आधी टेस्टच्या अटी पाठवा. रेट नंतर बोलू."

अटी पाठवल्यात. कोटेशन अजून आलेलं नाही.