‘छातीत दुखतंय का?’ – ‘नाही’

आईच्या फाईलमध्ये पहिल्या हॉस्पिटलचा केसपेपर मी अजून जपून ठेवलाय. त्यावर लिहिलंय : छातीत दुखणे – नाही. निदान – आम्लपित्त. होता तो हृदयाचा झटका. तो हातात आला की माझं डोकं आजही तापतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आई ६४ वर्षांची, मधुमेह १९ वर्षांचा. पहाटे साडेपाचला तिने हाक मारली, “अगं, कसंतरीच होतंय.” ब्लाउज घामाने पिळून काढावा इतका ओला, हात गार. शुगर उतरली असेल असं समजून मी साखरेचा डबा आणायला धावले. चमचा तिच्या तोंडाशी नेणार तेवढ्यात सुचलं, आधी मशीनवर बघू. आकडा आला २७४. शुगर ७०च्या खाली गेली की असा घाम फुटतो हे माहीत होतं, पण २७४ला घाम कशाचा? मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. त्याऐवजी ओवा-सोडा दिला. तिला मळमळत होतं, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे भरून आलं होतं आणि खालचा जबडा ओढल्यासारखा वाटत होता. जबडा म्हटल्यावर मला दाढ आठवली, हृदय नाही.

सात वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही कॅज्युअल्टीत पोचलो. टेबलावरच्या मुलाने फॉर्म पुढे ओढून विचारलं, “आजी, छातीत दुखतंय का?” आई म्हणाली, “नाही.” तिने खोटं सांगितलं नाही, तिला खरंच दुखत नव्हतं. पण त्या एका खुणेने आमची रांग बदलली. ज्यांना दुखत होतं ते आत गेले आणि आम्हाला बाकावर बसवलं.

छातीत दुखत नसेल तर हृदय नाही, असं त्या मुलाला वाटलं, मलाही वाटलं होतं. बायकांनाही झटक्यात बहुतेक वेळा छातीत दुखतंच, पण सोबत पाठ, जबडा, मळमळ, दम, कमालीचा थकवा अशी इतकी गर्दी असते की सांगताना छातीचं राहूनच जातं. आणि मधुमेह जुना असला की दुखणं गायबही होऊ शकतं. नंतर डॉक्टरांनी आईला विचारलं, “चालताना चप्पल पायातून निसटलेली कळते का?” नाही कळत. मागच्या वर्षी गरम पाण्याच्या पिशवीने तळव्याला फोड आला होता, तोही आम्हीच पाहिला. जास्त शुगरने जशा पायाच्या नसा बधिर होतात, तशाच हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही होतात. मग घाम, दम, मळमळ एवढंच उरतं.

बाकावर चाळीस मिनिटं गेली. छातीत दुखो न दुखो, असा संशय असला तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून त्या चाळीस मिनिटांचा हिशेब डोक्यातून जात नाही. साडेसातला ईसीजी निघाला. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, “नॉर्मल आहे.” हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, त्याची तपासणी झाली, तीही निगेटिव्ह. पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि आईला खरंच थोडं बरं वाटलं. झालं, सगळ्यांची खात्री पटली. हृदयाचा त्रास असला तरी पित्ताच्या औषधाने तात्पुरतं बरं वाटू शकतं, हे तिथे कुणीच बोललं नाही. “घरी न्या, हलकं खायला द्या.” आईही माझा हात ओढत होती, “चल गं घरी, उगाच पैसे घालवतेस.”

मी हुशार होते म्हणून थांबले असं अजिबात नाही. बिलाच्या काउंटरवर सुट्टे नव्हते म्हणून थांबले. आठ वाजता पाळी बदलली. नव्याने आलेल्या सिस्टरने आईची उशी उचलली, ती ओली होती. तिने मला विचारलं, “पंखा चालू असताना इतका घाम? आधीपासून काही होतं का?” तेव्हा मला आठवलं, चार दिवसांपासून आई कणीक मळतानाच मधे बसत होती. जिना चढून आल्यावर दाराशीच टेकत होती. मी म्हणत होते, वय झालं.

सिस्टर डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वैतागले, “ट्रोपोनिन निगेटिव्ह आहे ना?” इथेच आमचं गाडं अडलं होतं. इजा झाल्यावर ते प्रथिन रक्तात दिसायला काही तास लागतात. घाम साडेपाचला सुटला आणि रक्त पावणेआठला घेतलं, तर साधी तपासणी निगेटिव्ह येऊच शकते. तीन ते सहा तासांनी ती पुन्हा करायची असते. अधिक संवेदनशील पद्धतीत लवकर कळतं, पण तिथेही बहुतेक वेळा दुसरं माप लागतं. ईसीजीचंही तेच, ती एका क्षणाची पट्टी असते. त्रास चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायला हवा. त्या सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नुसती हट्टाला पेटले होते, “दुसरा काढल्याशिवाय नेणार नाही.” सुट्टे मिळाल्यानंतरही बिल भरलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दुसरी पट्टी निघाली. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या ओळींत रेघ वर उचललेली होती. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. त्या भिंतीचा त्रास पोटात, मळमळीत जाणवू शकतो, म्हणून तो पित्तासारखा दिसला. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, अँजिओप्लास्टी होते त्या हॉस्पिटलात गाडीने हलवलं, मनगटातून नळी घातली, उजवी रक्तवाहिनी उघडली. तो भाग सुरळीत झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक राहिलंच. निघताना शेजारच्या काकांनी त्यांच्याकडची जिभेखाली ठेवायची गोळी पुढे केली होती. आईने ती घेतली नाही, नशीब. कॅज्युअल्टीत रक्तदाब ९६/६० होता. झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल तर त्या गोळीने दाब एकदम कोसळू शकतो. दुसऱ्याची गोळी देऊ नका, १०८ला फोन करा. आम्ही रिक्षाने गेलो, ती माझी चूक.

तिथे गेल्यावर काय बोलायचं तेही सांगते. “कसंतरी होतंय” म्हटलं की बाकावर बसवतात. आता मी म्हणेन, “मधुमेह १९ वर्षांचा, अचानक गार घाम, शुगर २७४, जबडा ओढतोय, ईसीजी आत्ता काढा.” आणि नॉर्मल आला तरी “पुढचा कधी काढणार?” असं विचारेन.

जुना ईसीजी सोबत असावा, डॉक्टरांना नवा त्याच्याशी ताडून बघता येतो. आईचा दोन वर्षांपूर्वीचा होता, पण तो कपाटात पैठणीच्या घडीखाली. आता दोन्ही पट्ट्यांचे फोटो माझ्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि ग्लुकोमीटर साखरेच्या डब्याशेजारी ठेवलाय.