बारा मिलिमीटर

अमळनेरला एका बंगल्याच्या बाथरूमचं काम चालू होतं. भिंतीत झिरी मारून झाली होती आणि शॉवरच्या कन्सिल्ड मिक्सरची, म्हणजे भिंतीत बसणाऱ्या गरम-थंड पाण्याच्या नळाची, बॉडी फरशीपासून 1 मीटरवर नुसती टेकवून ठेवली होती. पाइपही जोडावर फक्त बसवून पाहिले होते, जोड चिकटवायचं सोल्व्हेंट लावायचं बाकी होतं.

बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं, त्यावर MIN आणि MAX अशा दोन रेघा असतात. टाइलचा पुढचा चेहरा या दोन रेघांच्या मध्येच यायला हवा. या बॉडीला दोन रेघांत 20 मिलिमीटर अंतर होतं. माझा हिशोब सरळ होता: प्लास्टर 15, टाइल चिकटवायचं केमिकल 5, टाइल 10, म्हणजे विटेपासून 30. म्हणून मधला बिंदू 30 वर धरला. याचा अर्थ टाइल 20 ते 40 च्या दरम्यान कुठेही आली तरी चालणार होतं.

तरी मन मानेना. आधी भुसावळच्या एका कामात माझी बॉडी खोल गेली होती. नॉब ज्यावर बसतो तो स्पिंडल टाइलच्या आतच राहिला, नॉब पकडेना, बाहेरून भोक झाकणाऱ्या फ्लँजचे स्क्रू पोहोचेनात. बॉडी बाहेर काढायला तीन टाइल फोडल्या, आणि त्या शेडच्या टाइल पुन्हा मिळाल्या नाहीत. मालकीणबाईंचा चेहरा अजून आठवतो.

मी टाइल मिस्त्रींना म्हटलं, "आबा, प्लास्टर उद्या, पण ठिय्ये आजच मारून द्या ना."

ठिय्ये म्हणजे प्लास्टरची जाडी आधीच ठरवणारे मसाल्याचे छोटे ठोकळे. आबांनी वरून ओळंबा सोडला. भिंत वरच्या अंगाला खोलीत झुकलेली निघाली. वर 15 चं प्लास्टर धरलं, तर मिक्सरच्या उंचीला ते 27 होत होतं. दोन ठिय्यांमध्ये दोरी ताणली, बॉडीपाशी विटेपासून मोजलं: 27. त्यात 5 आणि 10 मिळवले की 42. माझी MAX रेघ 40 वर. टाइल तिच्या पुढे 2 मिलिमीटर जाणार होती, म्हणजे पुन्हा भुसावळचीच गत.

"दोनच मिलिमीटर तं आहे," आबा म्हणाले. खोल गेलेल्या बॉडीला काही मॉडेलमध्ये एक्स्टेन्शन तरी मिळतं, हे खरं. पण तेवढ्यावर विसंबून कोणी मुद्दाम तिकडे जाऊ नये, आणि फार पुढे आणलेल्या बॉडीला तर उपाय सापडणं अवघड. फ्लँज टाइलला टेकत नाही आणि फटीतून पाणी भिंतीत उतरतं.

मागे टाइलचे तुकडे सारून बॉडी 12 मिलिमीटर पुढे घेतली. आता रेघा 32 आणि 52 वर, टाइल बरोबर मध्ये 42 ला. तोंडावर लेव्हल आडवी आणि उभी लावून पाहिली, कारण बॉडी तिरकी राहिली तर चौकोनी फ्लँजवर ते लगेच दिसतं. मग सोल्व्हेंट लावलं, सुकू दिलं, प्रेशर टेस्ट घेतली आणि मगच मागे सिमेंट भरलं. झाकण काढू नका, असं आबांच्या पोराला दोनदा सांगितलं.

टाइल लागल्यावर मोजलं. चेहरा मध्यापासून 2 मिलिमीटर पुढे आला होता, 44 वर. झाकण कापलं, फ्लँज लावला, तो चारही बाजूंनी टाइलला घट्ट टेकला.