'खराब' म्हणजे नेमकं काय?

"वस्तू खराब झालीये एवढं लिहून फोटो जोडला, तर चालत नाही का?"

नाही चालत. कंडिशन रिपोर्ट म्हणजे प्रदर्शनाला जाणाऱ्या वस्तूच्या अवस्थेची लेखी नोंद, आणि ती वाचणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच गावी, प्रदर्शनाची पेटी उघडून उभा असतो. त्याला एवढंच ठरवायचं असतं, की हे आधीपासूनचं आहे की वाटेत झालं. 'खराब' वाचून ते ठरत नाही. फोटोचाही भरवसा नसतो, उजेडाची बाजू बदलली की ओरखडा गायब!

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, त्यातला एखादा जुना पत्ता घ्या. दशावतारी जोडातल्या १२० पैकी एक. कापड किंवा कागद, चिंचोक्याची खळ, रंग आणि वर लाख. पत्ता गोल, त्यामुळे 'उजवा कोपरा' लिहायची सोय नाही. मी अवताराचं डोकं १२ वाजता धरते आणि तसं रिपोर्टात आधीच लिहून टाकते. मग नोंद अशी होते: 'चित्राची बाजू, ४ वाजता, कडेलगत, रंगथराचा लॉस, ६ × ३ मिमी, खालचा पांढरा थर उघडा.'

लॉस म्हणजे तिथला भाग निघून गेलाय. भेगेत सगळं जागच्या जागी असतं, फक्त सांधा तुटलेला. जुन्या लाखेवर बारीक भेगांचं जाळं असतंच, त्याची धास्ती नाही. धास्ती असते ती भेगांच्या कडा उचलल्या गेल्या असतील तर. ते समोरून कळत नाही. टॉर्च पत्त्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, उचललेल्या कडेची सावली पडते. अशा जागी मी 'भेगा' न लिहिता 'फ्लेकिंग, अस्थिर' लिहिते, आणि पपड्या पक्क्या केल्याशिवाय पत्ता प्रवासाला जात नाही. या एका शब्दासाठी उद्घाटनाच्या तारखेवरून वाद घालावे लागतात, ते घालते.

डागाला 'चहाचा' म्हणायचा मोह आवरावा. चहा सांडताना आपण पाहिलेला नसतो. रंग तपकिरी, कड गडद, मागे उतरलेला नाही, एवढं लिहावं. गडद कड म्हणजे ओल सुकताना मळ कडेला साचलाय, आणि असं दिसलं की इतर पत्तेही तपासायचे.

आधी झालेली दुरुस्ती ओळखायला अतिनील दिवा. जुनी लाख त्यात नारिंगी चमकते, तिच्यावर नंतर चढवलेला रंग बहुधा काळपट दिसतो. मात्र कुणी दुरुस्तीनंतर पुन्हा लाख दिली असेल, तर तो रंग खाली झाकला जातो, दिवा फसतो.

दोन पत्ते एकमेकांना चिकटलेले असले, तर ते सोडवून पाहायचे नाहीत. 'आतल्या बाजू तपासता आल्या नाहीत' असं लिहून सही करायची.