पीआरव्ही असूनही पहाटे ५.६ बार दाब: बाणेरच्या फ्लॅटची नोंद

मागच्या नोंदीत जेट स्प्रेचा ब्रेडेड पाइप फुटल्याचं सांगितलं होतं. आता पाण्याचा दाब मोजणाऱ्या गेजचे आकडे हातात आहेत. बिल्डिंग बावीस मजली, आमचा फ्लॅट चौथ्यावर. वॉशिंग मशीनच्या नळापासून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत अंदाजे ५८ मीटर. दहा मीटरला साधारण एक बार धरा, म्हणजे मध्ये काहीच अडवणूक नसेल तर नळाशी ५.७ बारच्या आसपास दाब यायला हवा. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपला, म्हणजे डाउनटेकला, पीआरव्ही हा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे खालच्या मजल्यांना तीन बारच मिळतो, असं सोसायटीचं म्हणणं.

मशीनच्या नळाला गेज लावला. शेजारचा नळ चालू ठेवला तर काटा २.४ वर. सगळे नळ बंद केल्यावर ३. इथंच बहुतेक जण समाधानाने गेज काढून ठेवतात. मी रात्रभर ठेवला, गीझर बंद करून. पहाटे काटा ५.६ वर!

हा आकडा टाकीच्या उंचीशी जुळतो, तिथंच निदान झालं. पीआरव्ही पाणी वाहताना दाब कमी करतो, पण रात्री कोणीच पाणी वापरत नसताना त्याने घट्ट मिटायला हवं. सीटवर कचरा बसला किंवा रबर झिजलं की व्हॉल्व्ह पासिंग होतो, म्हणजे मिटूनही पाणी सोडत राहतो, आणि थेंबाथेंबाने पूर्ण दाब खाली उतरतो. दिवसा मोजलं तर याचा पत्ताच लागत नाही. पाइप मात्र रात्रभर ताणलेला.

डक्टमधल्या पीआरव्हीआधीच्या गाळणीत वाळू आणि टेफ्लॉनच्या चिंध्या निघाल्या. प्लंबरने गाळणी धुतली, सीटचं रबर बदललं. आता पहाटे ३.२. (‘अँगल कॉक थोडा दाबून ठेवा, दाब कमी होईल’ हा त्याचा सल्ला मी ऐकला नाही. त्याने धार बारीक होते. नळ बंद असताना दाब तेवढाच राहतो.)

एक गोष्ट मात्र पीआरव्हीच्या आवाक्याबाहेर आहे. मशीनमध्ये पाणी सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह खटकन बंद झाला की गेजचा कमाल दाखवणारा काटा सातच्या पुढे जातो. टाकीच्या उंचीपेक्षा जास्त आकडा दिसला म्हणजे दाब वरून आलेला नाही, वाहतं पाणी अचानक थांबल्याचा तो दणका आहे. खरा दणका याहूनही मोठा असणार, कारण काटा तेवढा चपळ नसतो. इथं मात्र प्लंबरचा सल्ला कामी आला: मशीनचा कॉक अर्धा मिटल्यावर पाण्याचा वेग घटला आणि काटा पाचच्या आत राहिला. मशीन भरायला थोडा जास्त वेळ लागतो, पण हा दणका शोषणारा हॅमर अरेस्टर मिळेपर्यंत असंच चालवणार.